लघवी काळी, सीपीके ६८,०००. सलाईन चालू असूनही आकडा वाढतोच आहे

झुळूक | सोमवार, रात्री ११:१०

मंडळी, वॉर्डाबाहेर बसून लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय २६, एरवी धडधाकट, कसलंही औषध चालू नाही. कित्येक महिने व्यायाम बंद होता. शुक्रवारी संध्याकाळी मित्रांशी पैज लावून शेकड्यांनी उड्या मारत उठाबशा काढल्या. शनिवारी मांड्या दगडासारख्या झाल्या. सगळे म्हणाले, सवय नाही म्हणून अंग आंबलंय, दोन दिवसांत उतरेल. रविवारी त्याला खुर्चीतून आधाराशिवाय उठता येईना आणि संध्याकाळी लघवी कोऱ्या चहासारखी झाली.

जवळच्या डॉक्टरांनी लघवी तपासली. रिपोर्टमध्ये 'ब्लड' समोर तीन अधिकची चिन्हं, पण खाली तांबड्या पेशी ०-१. त्यांनी लघवीचं इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक लिहून दिलं आणि दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं. आज सकाळी दुसरीकडे रक्त तपासलं: स्नायूंना इजा झाली की वाढतो तो सीपीके ६८,४००, लिव्हरच्या तपासणीतले एसजीओटी ९४० आणि एसजीपीटी २५०, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.२, पोटॅशियम ४.८. लगेच दाखल करून घेतलं, तेव्हापासून सलाईन चालू आहे. आणि आत्ता रात्रीचा सीपीके ७९,०००!

दिवसभर सलाईन देऊनही आकडा वाढतोय, म्हणजे उपचार लागू पडत नाहीत का? घरचे दुसऱ्या दवाखान्यात हलवा म्हणताहेत. एसजीओटी एवढं वाढलंय, तर लिव्हरचंही काही आहे का?

---

चौकस | सोमवार, रात्री ११:२६

लघवी गडद आणि एसजीओटी ९४०? ही सरळ सरळ कावीळ आहे. आमच्या नात्यात असंच झालं होतं. व्यायामाचा फक्त योगायोग. आधी हिपॅटायटिसच्या तपासण्या करून घ्या, सलाईनच्या मागे लागून वेळ घालवू नका.

---

पायपीट | सोमवार, रात्री ११:४१

झुळूक, घाबरू नकोस. मी लांब पल्ल्याच्या शर्यती पळतो. शर्यतीनंतर सीपीके हजारांत जाणं आमच्याकडे नेहमीचं. याला ऱ्हॅब्डो म्हणतात. स्नायू फुटतात आणि त्यातला कचरा रक्तात येतो. भरपूर पाणी प्यायचं, लघवीवाटे तो सीपीके धुऊन निघतो. खायचा सोडा टाकून प्यायलं तर आणखी लवकर. लघवीचा रंग स्वच्छ झाला की घरी न्या, उगाच आठवडाभर अडकवून ठेवतात.

---

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे १:०५

मी अतिदक्षता विभागात काम करते. रुग्ण डोळ्यांसमोर नाही, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांचा शब्द माझ्या वर. पण झुळूकच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला हवं, कारण याच गैरसमजातून नातेवाईक रुग्णाला भलत्या वेळी हलवतात.

सलाईन सीपीके खाली आणण्यासाठी दिलेलंच नाही. सीपीके हे मोठं प्रथिन आहे, ते मूत्रपिंडाच्या गाळणीतून जात नाही. त्यामुळे कितीही पाणी दिलं तरी लघवीवाटे ते धुऊन निघत नाही. पायपीट, तुमचं इथे चुकतंय. ज्या पेशी शुक्रवारी जखमी झाल्या त्या पुढचे दोन-चार दिवस गळत राहतात. व्यायामातून झालेल्या ऱ्हॅब्डोत सीपीके बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी शिखर गाठतो, कधी त्याहून उशिरा. मग रोज साधारण ४० टक्क्यांनी उतरतो. तुमच्या भावाचा आज तिसरा दिवस, म्हणजे चढण अजून संपलेली नाही. उद्या ९० हजार दिसला तरी दचकू नका.

सलाईन आहे ते मायोग्लोबिनसाठी. स्नायूला लाल रंग देणारा हा रेणू लहान असतो, तो गाळणीतून जातो आणि लघवी काळी करतो. लघवीच्या पट्टीला तो आणि रक्त यांतला फरक कळत नाही, म्हणून पट्टीवर 'ब्लड' भरपूर आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी जवळपास नाहीत, असा विसंगत रिपोर्ट येतो. तो रिपोर्टच निदानाकडे बोट दाखवत होता. मूत्रपिंडाला रक्तपुरवठा कमी असेल आणि लघवी घट्ट व आम्लधर्मी असेल, तर मायोग्लोबिन तिथल्या प्रथिनांशी गोळा होऊन सूक्ष्म नळ्यांत अडकतं. शिवाय नळ्यांच्या पेशींना ते थेट इजा करतं आणि तिथल्या रक्तवाहिन्याही आवळतात. लघवी पातळ आणि वाहती ठेवली की हे बरंचसं टळतं. सलाईनचं काम एवढंच.

तेव्हा लागू पडतंय की नाही हे सीपीकेवरून ओळखू नका. लघवी तासाला किती होते, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम कुठे चाललंय, हे विचारा. १.२ आणि ४.८ हे आकडे मला दिलासा देतात.

चौकस, शंका गैर नाही, पण एसजीओटी फक्त यकृतात नसतं, स्नायूतही भरपूर असतं. ते एसजीपीटीच्या जवळपास चौपट आहे आणि सोबत सीपीके आभाळाला भिडलाय, म्हणजे ते स्नायूतूनच आलंय. बिलिरुबिन आणि जीजीटी नॉर्मल असेल तर यकृताचा विषय बंद.

ते डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मात्र तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा वेदनाशामकांचा गट मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतो, आणि या आजारात नेमकं तेच नको असतं. एका मात्रेने बिघडतंच असं नाही, पण दुसरी मिळता कामा नये. दुखण्यासाठी दुसरी औषधं आहेत.

---

झुळूक | मंगळवार, सकाळी ७:५०

रात्रपाळी ताई, तुमचा प्रतिसाद घरच्यांना वाचून दाखवला. हलवाहलवीचा विषय तूर्त थांबला.

बिलिरुबिन ०.८ आणि जीजीटी नॉर्मल आहे. इंजेक्शनचंही सांगितलं, त्यांनी केसपेपरवर लाल शाईने लिहिलं. सकाळचा सीपीके ९१,०००, तुम्ही म्हणालात तसंच. क्रिएटिनिन १.१, पोटॅशियम ४.६.

सलाईन पहिल्या दोन तासांत दोन लिटर दिलं, नंतर तासाला ४०० मिली चालू आहे. नर्स भांड्यात लघवी मोजून कागदावर लिहितात, रात्रभर तासाला २०० ते २५० होत होती. पण सकाळी त्याचा चेहरा सुजलाय आणि वजन कालपेक्षा साडेतीन किलोने जास्त भरलं. एवढं पाणी अंगात साचत नाही ना?

---

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ९:१५

साचतंय, आणि थोडं साचणारच. जखमी स्नायू स्पंजासारखे पाणी ओढतात. सुरुवातीला रक्तातलं बरंच पाणी मांड्यांत जाऊन बसतं, म्हणून तर रुग्ण बाहेरून सुजलेला आणि रक्तवाहिन्यांत कोरडा असतो. मोठ्या माणसात तासाला साधारण २०० ते ३०० मिली लघवी हे लक्ष्य धरतात आणि सलाईनचा वेग त्याप्रमाणे कमीजास्त करतात. ठरलेला वेग लावून विसरून जायचं नसतं. लघवी २५० होतेय आणि वजन चढतंय, तर आज ते वेग उतरवतील असा माझा अंदाज.

काळजी कधी करायची? आडवं झाल्यावर धाप लागली, ऑक्सिजन उतरला, छातीत बुडबुड्यांसारखा आवाज आला, किंवा सलाईन जोरात चालू असून लघवी मात्र आटत गेली, तर. शेवटच्या प्रसंगात सलाईनचा जोर वाढवणं ही मोठी चूक ठरते. मूत्रपिंड बंद पडलेल्या माणसात ते पाणी फुप्फुसात जातं. तिथे सलाईन थांबवून डायलिसिसचा विचार करावा लागतो.

सोड्याबद्दल. लघवी अल्कधर्मी केली तर मायोग्लोबिन कमी गोळा होतं, हे तर्काला धरून आहे आणि वर्षानुवर्षं शिरेतून बायकार्बोनेट, म्हणजे सोडाच, आणि लघवी वाढवणारं मॅनिटॉल दिलंही गेलं. पण नुसत्या सलाईनपेक्षा रुग्णांना त्याने अधिक फायदा होतो, असं तुलनेत दिसलेलं नाही. उलट बायकार्बोनेटमुळे रक्तातलं कॅल्शियम आणखी उतरू शकतं, आणि ते या आजारात आधीच कमी असतं. मी स्वतः ते फक्त रक्त खूप आम्लधर्मी झालं असेल तेव्हाच वापरते. घरी पाण्यात सोडा ढवळून पिणं तर नकोच. आणि नुसतं साधं पाणी तासन्‌तास ढोसल्याने सोडियम घसरून झटके आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

---

पायपीट | मंगळवार, सकाळी १०:०२

सीपीके धुऊन निघतो हे माझं चुकलं, मान्य. पण मला एकदा दाखल केलं होतं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सलाईनमधून बायकार्बोनेट दिलं होतं आणि मी ठणठणीत झालो. तेव्हा 'उपयोग नाही' हे जरा जास्तच ठाम वाटतं.

---

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी १०:२०

'उपयोग नाही' असं मी म्हटलं नाही, सलाईनपेक्षा जास्त फायदा दिसलेला नाही असं म्हटलं. अजूनही काही चांगले डॉक्टर ते देतात. तुम्ही सलाईननेही ठणठणीत झाला असतात का, हे तुमच्या एकट्याच्या अनुभवावरून ठरवता येणार नाही, आणि माझ्याही नाही.

---

आडवाटेचा | मंगळवार, दुपारी १२:३५

धागा वेगळ्या वळणावर नेतोय, माफ करा. मी आपत्तीत बचावकार्य करणाऱ्या पथकात स्वयंसेवक आहे. आमच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की ढिगाऱ्याखाली पाय अडकलेला माणूस बोलत असतो, हसतो, आणि वरचा दगड उचलला की काही मिनिटांत दगावतो. उपाय म्हणून उचलण्याआधी पायाला वरच्या बाजूने पट्टा आवळायचा, म्हणजे विष वर चढत नाही. हाच तो आजार ना? आणि पट्ट्याचं खरं आहे का?

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २:१०

वळण नाही, आजाराचं हेच मूळ घराणं आहे. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्यातून काढलेल्या रुग्णांची बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी तपशीलवार नोंद केली. ती माणसं सुरुवातीला बरी वाटत, मग पाय सुजत, लघवी गडद होऊन आटत जाई आणि काही दिवसांत मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यू येई.

तुम्ही म्हणता तो अचानक मृत्यू बहुधा पोटॅशियममुळे होतो. दाबलेल्या स्नायूतून गळलेलं पोटॅशियम आणि आम्ल तिथेच साचलेलं असतं. दाब सुटला की ते एकदम हृदयाकडे येतं. त्याच क्षणी रक्तातलं पाणी सुटलेल्या पायात घुसतं आणि रक्तदाब कोसळतो. दोन्ही संकटं एकदम.

म्हणून सलाईन ढिगाऱ्यातच सुरू करायचं असतं, उचलण्याच्या आधी. एक हात मोकळा मिळाला तरी शीर शोधायची. मोठ्या माणसाला तासाला साधारण एक लिटर, लहान मुलाला किलोमागे तासाला १५ ते २० मिली. साधं नॉर्मल सलाईन वापरायचं, पोटॅशियम असलेली बाटली नाही. त्यामुळे रिंगर लॅक्टेट या ठिकाणी टाळतात. सुटका दोन तासांहून लांबली तर वेग निम्मा किंवा त्याहून कमी करतात, कारण तिथे लघवी मोजायची सोय नसते आणि जास्त झालेलं पाणी कुणाला दिसत नाही.

पट्ट्याबाबत स्पष्टच सांगते: जीवघेणा रक्तस्राव थांबवण्यासाठीच. 'विष अडवायला' सरसकट आवळायचा नाही. पट्ट्याखालचा स्नायू आणखी मरतो आणि पट्टा सोडला की तेच सगळं वाढीव प्रमाणात वर येतं.

---

आडवाटेचा | मंगळवार, दुपारी २:३१

आणि सलाईन लावणारं कुणी जवळ नसेल तर? वाट पाहत त्याला अडकवूनच ठेवायचं?

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २:४४

नाही. अडकून नुकताच थोडा वेळ झाला असेल तर पटकन काढा, स्नायू जेवढा कमी वेळ दाबलेला तेवढं बरं. वरचं बांधकाम कोसळण्याच्या बेतात असेल तरी काढाच. काही तास उलटलेत, जागा स्थिर आहे आणि वैद्यकीय पथक वाटेवर आहे, अशा वेळी थांबून आधी शीर मिळवणं फायद्याचं. मधल्या परिस्थितीत काय करायचं यावर सगळ्यांचं एकमत नाही, जागेवरचा माणूसच ठरवतो.

---

जुनी_खिडकी | मंगळवार, दुपारी ४:२०

मी या आजारातून गेलोय, पण ना व्यायाम, ना ढिगारा. मधुमेहात साखर उतरून घरी एकटाच बेशुद्ध पडलो तो रात्रभर एकाच कुशीवर. खालचा हात आणि मांडी शरीराच्याच वजनाने दाबली गेली. सापडलो तेव्हा सीपीके ४२,००० होता, म्हणजे झुळूकच्या भावाच्या निम्म्याहून कमी, पण क्रिएटिनिन ४.१ आणि पोटॅशियम ६.९. ईसीजी बिघडलेला. कॅल्शियम, इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन त्याच रात्री डायलिसिसवर घेतलं. तीन आठवडे डायलिसिस चालला, मग लघवी सुरू झाली. आज मूत्रपिंड जवळपास पूर्ववत आहे.

मला न उलगडलेली गोष्ट अशी, की माझा आकडा कमी असून मूत्रपिंड गेलं आणि या मुलाचा दुप्पट असून तो बरा आहे. असं कसं? आणखी एक. दाखल झालो तेव्हा माझं कॅल्शियम खूप कमी होतं. एका डॉक्टरांनी ते भरून काढायचं म्हटलं, दुसऱ्यांनी ईसीजीसाठी लागलं तेवढंच द्या म्हणून अडवलं. त्या वेळी वाटलं, यांचंच एकमेकांशी जमत नाही.

---

रात्रपाळी | मंगळवार, सायंकाळी ६:०५

अडवणाऱ्या डॉक्टरांचं बरोबर होतं. ते कॅल्शियम हरवलेलं नसतं, मेलेल्या स्नायूत जाऊन बसलेलं असतं. बरं होताना तेच परत रक्तात येतं. सुरुवातीला ओतलं असेल तर तेव्हा भलतंच चढतं. म्हणून पोटॅशियममुळे हृदय धोक्यात असेल किंवा हातपाय आखडत असतील, झटके येत असतील तरच द्यायचं. तुमचं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाढलं होतं का?

दोघांमधल्या फरकाचं म्हणाल, तर सीपीके किती स्नायू मेला हे ढोबळ सांगतो. मूत्रपिंडाचं काय होणार हे मायोग्लोबिन आलं तेव्हा मूत्रपिंडात रक्त आणि पाणी किती होतं यावर जास्त ठरतं. तुम्ही रात्रभर पाण्याविना होतात, रक्तदाब बहुधा पडलेला होता, मधुमेहाने मूत्रपिंड आधीच नाजूक असू शकतं. हा मुलगा दोन दिवस चालता-बोलता, खातापिता होता. निरोगी तरुणांकडून मुद्दाम दंडाचे जड व्यायाम करून घेतलेल्या प्रयोगात कित्येकांचा सीपीके १०,००० च्या वर गेला आणि एकाच्याही मूत्रपिंडाला धक्का बसला नाही. २०१३ मध्ये मांडलेल्या एका गुणांकनात तर वय, सुरुवातीचं क्रिएटिनिन, कॅल्शियम, फॉस्फेट, बायकार्बोनेट आणि कारण यांना गुण दिलेत. सीपीकेला ४०,००० ओलांडल्यावरच गुण मिळतात, आणि कारण व्यायाम असेल तर धोका कमी धरला जातो.

---

जुनी_खिडकी | मंगळवार, सायंकाळी ६:४०

हो! घरी आल्यावर कॅल्शियम १२ च्या वर गेलं होतं. कुणी कारण सांगितलं नव्हतं, आज कळलं.

---

झुळूक | मंगळवार, रात्री ९:२२

लघवी संध्याकाळी एकदम स्वच्छ झाली! पायपीट म्हणाले तसं घरी नेता येईल का, असं भाऊच विचारतोय. बाकी सगळं ठीक, फक्त उजवी मांडी दुपारपासून जास्त दुखतेय. गुडघा नुसता वाकवला तरी ओरडतो. मांडीच्या पुढच्या बाजूला बधीर वाटतंय म्हणाला. सलाईनमुळे सूज वाढली असेल ना?

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ९:३०

झुळूक, हे वाचून झालं की फोन बाजूला ठेव आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना आत्ता बोलाव. 'उजव्या मांडीचं दुखणं दुपारपासून वाढलंय, गुडघा वाकवला की असह्य होतं आणि बधिरपणा आहे', याच शब्दांत सांग. स्नायू ज्या घट्ट आवरणात असतो त्यात सूज वाढून आतला दाब चढला तर रक्तपुरवठा तुटतो. तसं असेल तर आवरण चिरून मोकळं करावं लागतं आणि त्यात तास मोजले जातात. पायाची नाडी लागते म्हणून गाफील राहू देऊ नकोस, ती शेवटपर्यंत लागू शकते.

लघवी स्वच्छ होणं चांगलं आहे, पण सुटी देण्याचं कारण नाही. मायोग्लोबिन रक्तातून काही तासांत निघून जातं, सीपीके कित्येक दिवस मागे राहतो. याच कारणाने जे उशिरा येतात त्यांची लघवी स्वच्छ दिसते आणि निदान हुकतं.

---

झुळूक | बुधवार, सकाळी ८:०५

रात्री सर्जन आले. सुई घालून दाब मोजला: ३२. रक्तदाबाचा खालचा आकडा ७८. दोन्हींतला फरक ३० च्या वर आहे म्हणून लगेच चिरायचं नाही, पण दर तासाला तपासायचं ठरलं. पहाटे पुन्हा मोजला, २४. बधिरपणा कमी झालाय. पाय उंचावर न ठेवता छातीच्या पातळीत ठेवायला सांगितलाय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सीपीके ७४,०००. उतरायला लागला! क्रिएटिनिन १.०. पण क्लोराइड वाढलंय आणि बायकार्बोनेट १७ आहे, म्हणून आज नॉर्मल सलाईन बदलून रिंगर लॅक्टेट लावलं. वर तर ते टाळतात असं लिहिलंय ना? त्यात पोटॅशियम असतं.

---

अर्धविराम | बुधवार, सकाळी ९:४०

मी भूलतज्ज्ञ. वाचक होतो, आज लिहितोय. रिंगर लॅक्टेटच्या लिटरमध्ये पोटॅशियम ४ असतं, म्हणजे तुमच्या भावाच्या रक्तापेक्षा कमीच. त्याने ते वाढणार कसं? उलट लिटरमागून लिटर नॉर्मल सलाईन दिलं की क्लोराइडमुळे रक्त आम्लधर्मी होतं आणि मग पेशींतून पोटॅशियम बाहेर येतं. माझ्या मते ढिगाऱ्याजवळही ही भीती अवाजवी आहे.

---

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ११:१५

वॉर्डात पूर्ण सहमत. पोटॅशियम नॉर्मल, लघवी उत्तम, रोज तपासणी होतेय, तिथे बदललं ते योग्यच. ढिगाऱ्याजवळ मात्र मी तुमच्यासोबत नाही. तिथे रक्ताचा रिपोर्ट नसतो, लघवी होतेय की नाही ते ठाऊक नसतं, आणि दाब सुटल्यावर पोटॅशियम किती उसळेल याचा अंदाज नसतो.

---

अर्धविराम | बुधवार, सकाळी ११:३२

रिपोर्ट नाही म्हणून आम्लता वाढवणारी बाटली निवडायची, हे मला तरी पटत नाही. पण बचावपथकाने त्यांना शिकवलेलं पाळावं, या धाग्यावरून बदलू नये.

---

झुळूक | शनिवार, दुपारी १:००

आज सुटी मिळाली. गुरुवारी ४५,०००, शुक्रवारी २६,०००, आज १४,५००. क्रिएटिनिन ०.९, मांडी मऊ, वजन जवळपास पूर्वीचं. दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचंय.

---

पायपीट | शनिवार, दुपारी २:१८

आनंद झाला. पण १४,५०० वर सोडलं? मला ५,००० च्या खाली येईपर्यंत सोडलं नव्हतं.

---

रात्रपाळी | शनिवार, सायंकाळी ५:३०

बऱ्याच ठिकाणी ५,००० ही रेघ पाळतात, सलाईन थांबवण्यासाठीही. पण सीपीके सलग उतरतोय, क्रिएटिनिन ठीक आहे, माणूस भरपूर पितोय आणि दोन दिवसांत तपासणीला येणार आहे, तर तरुणाला आधी सोडणारेही आहेत. मी कदाचित एक दिवस आणखी ठेवलं असतं. लघवी पुन्हा गडद झाली किंवा कमी झाली तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट न पाहता परत न्यायचं.

व्यायाम सीपीके १,००० च्या खाली आणि लघवी नॉर्मल होईपर्यंत बंद. मग फक्त चालणं, आणि दुखलं नाही तर आठवड्यागणिक थोडं थोडं वाढवायचं. याआधी कधी थोड्या श्रमात असे स्नायू आखडले होते का, लघवी गडद झाली होती का, घरात कुणाला असं होतं का, ते विचारा. उत्तर 'हो' असेल किंवा हे पुन्हा घडलं, तर स्नायूंना इंधन वापरता न येण्याचे आनुवंशिक आजार तपासावे लागतात. ती तपासणी सीपीके नॉर्मल झाल्यावर काही आठवड्यांनी करायची, आत्ता नाही.

---

चौकस | शनिवार, रात्री ८:४५

कावीळ नव्हती तर, ठीक. माझे वडील कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन घेतात आणि त्यांचे पाय दुखतात. कालपासून छातीच्या इन्फेक्शनसाठी क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झालंय. त्यांचाही सीपीके करावा का?

---

रात्रपाळी | शनिवार, रात्री ९:०२

कोणतं स्टॅटिन? सिम्व्हास्टॅटिन असेल तर ते क्लॅरिथ्रोमायसिनसोबत चालत नाही, अटॉर्व्हास्टॅटिन असेल तरी मात्रा पाहावी लागते. हे अँटिबायोटिक स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. आज रात्रीच डॉक्टरांना फोन करून दोन्ही नावं सांगा. आजची स्टॅटिनची गोळी द्यायची की नाही हेही तेव्हाच विचारा. पायदुखी नवी असेल तर सीपीके आणि क्रिएटिनिन दोन्ही उद्या करा.

---

चौकस | शनिवार, रात्री ९:४०

अटॉर्व्हा ४०. डॉक्टरांनी अँटिबायोटिक बदललं, स्टॅटिन तीन दिवस थांबवायला सांगितलं. पायदुखी जुनीच आहे म्हणतात बाबा, पण रक्त उद्या देतोय.